पंचवीस डबे, नव्वद रुपये, आणि मेथीची जुडी: आठवड्याचा मेनू नि डब्याचा हिशोब

प्रश्न: मी घरून रोज दुपारचे २५ डबे देते, सोमवार ते शनिवार. तीन पोळ्या, भाजी, आमटी, भात आणि कोशिंबीर किंवा चटणी. डब्याला ९० रुपये, महिन्याचे पैसे आगाऊ घेते, खाडा झाला की तेवढे ९० वजा करते. डबे कधी कमी होत नाहीत, लोकांची तक्रारही नाही, तरी महिन्याअखेर हातात जेमतेम बारा हजार राहतात. आठवड्याचा मेनू कसा ठरवायचा आणि एका डब्याला नेमका किती खर्च येतो ते कसं काढायचं?

उत्तर:

ताई, तुमचा दर चुकलेला नाही. पंचवीस डब्यांना, महिन्याला ५० खाडे धरूनही, वीस हजारांच्या आसपास उरायला हवेत. म्हणजे सात-आठ हजार, डब्यामागे साधारण तेरा रुपये, कुठेतरी जातात. ते कुठे जातात हे किराण्याच्या बिलावरून कळत नाही. बिल सांगतं महिन्यात किती आणलं. डब्यात किती गेलं, हे ताटाच्या वजनावरूनच काढावं लागतं. खालचे भाव हिशोबाच्या सोयीसाठी ठोकळ घेतले आहेत. तुमच्या बाजारातले भाव घालून तोच हिशोब पुन्हा करा, वजनं मात्र बहुतेक तशीच राहतील.

आधी डब्याचे दोन भाग पाडा. पोळी, भात, आमटी आणि कोशिंबीर हा रोजचा भाग, तो सहसा बदलत नाही. भाजी हा बदलता भाग. रोजचा भाग एकदाच नीट काढून ठेवायचा, मग दर आठवड्याला डोकं फक्त भाजीसाठी वापरायचं.

पोळीपासून सुरुवात करू. एक किलो कणकेत घडीच्या मध्यम पोळ्या बत्तीसच्या आसपास होतात, भिजवलेला गोळा साधारण ५० ग्रॅमचा धरला तर. गहू आणि दळण मिळून किलोला ४० रुपये, घडीला, भिजवताना आणि वरून लावायला मिळून ७० ग्रॅम तेल, ते १५० रुपये किलोने साडेदहा. बत्तीस पोळ्यांना साडेपन्नास, म्हणजे तीन पोळ्यांना पावणेपाच रुपये. भाताला माणशी ५० ग्रॅम तांदूळ पुरतात, शिजून १३०-१४० ग्रॅम होतात. कोलम ६० रुपये किलो धरला तर ३ रुपये. आमटीला २५ ग्रॅम तूरडाळ, १४० च्या भावाने साडेतीन, आणि फोडणी, चिंच-गूळ, कोथिंबीर मिळून २ रुपये, एकूण साडेपाच. कोशिंबीर, चटणी किंवा लोणचं, जे असेल त्याला सरासरी ३. सगळं मिळून सव्वासोळा रुपये. हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहा. तूरडाळ, तेल किंवा गहू यांपैकी कशाचा भाव बदलला तरच तो बदलायचा.

आता भाजी. बहुतेक घरगुती डब्यांचे पैसे इथेच गळतात, कारण आपण भाजीचा भाव बाजारातला धरतो आणि डब्यात जाते निवडलेली भाजी. फ्लॉवरचं उदाहरण घ्या. पानं, जाड दांडा आणि खराब भाग काढला की किलोमागे सहाशे ग्रॅमच्या आसपास तुरे हाती येतात. ५० रुपये किलोचा फ्लॉवर खरा ८३ रुपये किलोला पडला. बटाटा सोलून ८५-९० टक्के उरतो, भेंडी जवळपास तेवढीच, दुधी ८० टक्क्यांच्या आसपास, आणि शेंगातला मटार सोलला की दाणे जेमतेम निम्मे. हे आकडे माझे तसेच घेऊ नका. एक आठवडा प्रत्येक भाजी आणल्यावर एकदा आणि निवडून-चिरून झाल्यावर एकदा काट्यावर ठेवा. दोन वजनं लिहिली की ती भाजी कायमची कळली. हंगामाप्रमाणे थोडा फरक पडतो, पावसाळ्यातल्या फ्लॉवरमध्ये जास्त जातं, पण अंदाज कामापुरता पक्का होतो.

गुरुवारची फ्लॉवर-बटाटा पूर्ण मांडून दाखवते. डब्याला शिजलेली भाजी १२० ग्रॅम, म्हणजे पंचवीस डब्यांना ३ किलो. कांदा-टोमॅटो आत जातात आणि शिजताना थोडं पाणी उडतं, हे धरून चिरलेली भाजी ३ किलो २०० ग्रॅम लागते: २ किलो फ्लॉवर आणि १ किलो २०० ग्रॅम बटाटा. त्यासाठी बाजारातून फ्लॉवर ३ किलो ३०० ग्रॅम आणावा लागतो, १६५ रुपये. बटाटा १ किलो ४०० ग्रॅमच्या आत-बाहेर, ४१ रुपये. अर्धा किलो कांदा १५, चारशे ग्रॅम टोमॅटो १६, आलं-लसूण-कोथिंबीर २०, मसाले १५, आणि तेल डब्याला ८ ग्रॅम धरून २०० ग्रॅम, ३० रुपये. एकूण ३०२, म्हणजे डब्याला १२ रुपये. मनातल्या मनात हिशोब करताना "दोन किलो फ्लॉवर, शंभर रुपये" असं धरलं असतं तर याच एका भाजीत डब्यामागे २ रुपये ६० पैसे नजरेआड गेले असते.

आणि आता मेथी. वीस रुपयांची जुडी स्वस्त वाटते. पण अडीचशे ग्रॅमच्या जुडीतून पानं निघतात सव्वाशे ग्रॅम, आणि परतल्यावर ती किती आक्रसतात हे वेगळं सांगायला नको. पंचवीस डब्यांना मूगडाळ घालून केलेली मेथीची सुकी भाजी पुरायची तर सव्वादोन किलो पानं लागतात, म्हणजे १८ जुड्या. ३६० रुपये मेथीचे, ५५ मूगडाळीचे, तेल, लसूण, मिरची ४५. एकूण ४६०, डब्याला १८ रुपये ४० पैसे. फ्लॉवरच्या दीडपट. शिवाय अठरा जुड्या निवडायला दोन माणसांची संध्याकाळ जाते. पावसाळ्यात जुडी चाळीसला गेली की हीच भाजी तीस रुपयांच्या वर पडते, तीही अर्धी चिखल आणि सडलेली पानं घेऊन.

म्हणून पालेभाजी मेनूतून काढू नका, तिचा प्रकार बदला. पालेभाजीच्या दिवशी पातळ भाजी करा. पालक किंवा मेथी, हरभऱ्याची डाळ आणि दाणे घालून, ताक-बेसन लावून, वरून लसणाची फोडणी. याला ८ जुड्या पुरतात: १६० रुपये. डाळ-दाणे ४०, बेसन आणि ताक ४०, तेल-फोडणी २५. झाले २६५, डब्याला १० रुपये ६० पैसे. पातळ भाजी भाताबरोबर खाल्ली जाते, त्यामुळे त्या दिवशी आमटी लागत नाही. आमटीच्या जागी बटाट्याची सुकी भाजी, १०० ग्रॅम, ५ रुपये. दोन्ही मिळून १५ रुपये ६० पैसे, त्यातून आमटीचे साडेपाच वजा, म्हणजे भाजीच्या खात्यावर १० रुपयेच पडले. सुक्या मेथीपेक्षा आठ रुपये कमी, आणि डबा उघडणाऱ्याला दोन भाज्या दिसतात. निवडण्याचं कामही निम्म्याहून कमी.

मेनू ठरवायचा तो याच पद्धतीने. वारांना भाज्यांची नावं देऊ नका, भाज्यांचे प्रकार द्या. सोमवारी उसळ, मंगळवारी फळभाजी, बुधवारी पातळ पालेभाजी, गुरुवारी सुकी भाजी, शुक्रवारी मोठी भाजी, शनिवारी पिठलं किंवा तसाच घरचा बेत. हा साचा कायम ठेवायचा आणि आतली भाजी फिरवायची. सोमवारी मटकी, पुढच्या सोमवारी चवळी, मग मूग, मग वाटाणा. चार आठवड्यांचं चक्र ठरवलं की "तेच तेच" अशी ओरड होत नाही, आणि तुम्हाला रोज रात्री उद्या काय हा विचार करत बसावं लागत नाही. लोकांना आठवड्याचा कागद देताना त्यावर "फळभाजी" एवढंच लिहा. नेमकी कोणती ते आदल्या संध्याकाळी ग्रुपवर कळवा. या एका सवयीमुळे बाजारात गेल्यावर तुमचे हात मोकळे राहतात.

वारांचा क्रमही कामाच्या सोयीने लावला आहे. उसळ सोमवारी, कारण शनिवारी भिजवून रविवारी मोड येतात आणि रविवारी भाजीबाजारात जावं लागत नाही. पालेभाजी मंगळवारी संध्याकाळी आणून बुधवारी सकाळी संपते, फ्रिजमध्ये राहून पिवळी पडत नाही. महाग भाजी शुक्रवारी, कारण शनिवारी घरी जाणारी पोरं शुक्रवारचा डबा सहसा चुकवत नाहीत. शनिवारी खाडे जास्त, म्हणून त्या दिवशी असं काही असावं की दोन डबे कमी झाले तर डब्यातलं पीठ डब्यातच राहील, चिरलेली भाजी उरणार नाही. तुमच्याकडे उपासाचे वार वेगळे असतील तर क्रम त्याप्रमाणे हलवा. मंगळवारी संकष्टी आली की मंगळवारची फळभाजी आणि बाकी डबे यांचं गणित आदल्या दिवशीच बघायचं.

या साच्यात आठवड्याची बेरीज अशी येते. मटकीची उसळ: माणशी ३५ ग्रॅम सुकी मटकी, मोड आल्यावर दुपटीहून जास्त भरते, वाटण आणि तेलासकट साडेसात रुपये. दुधी-हरभराडाळ ८ रुपये. पातळ भाजी आणि बटाटा, वर काढले ते १०. फ्लॉवर-बटाटा १२. शुक्रवारी मटार-पनीर, डब्याला ४० ग्रॅम पनीर, मटार आणि कांदा-टोमॅटोची ग्रेव्ही मिळून २४. शनिवारी पिठलं ७ आणि थोडासा शिरा ७, पण पिठल्याबरोबर आमटी लागत नाही म्हणून साडेपाच वजा, साडेआठ. सहा दिवसांचे झाले ७०, सरासरी ११ रुपये ६७ पैसे.

पनीरचा दिवस २४ चा आहे हे बघून घाबरू नका. एकेका दिवसाचा नफा बघितलात तर पनीर कधीच परवडणार नाही, आणि पनीर नसलेला डबा लोक फार दिवस घेत नाहीत. बघायची ती आठवड्याची सरासरी. महाग दिवसाचे पैसे उसळ आणि पिठल्याने आधीच भरलेले असतात. हात आखडायचाच असेल तर एकाआड शुक्रवारी छोले करा. छोले साधारण ९ रुपयांत होतात आणि त्या आठवड्याची सरासरी सव्वानऊपर्यंत खाली येते. पनीरच्या दिवशी तुकडे ४० ग्रॅमवरून २० वर आणणं मात्र करू नका. लोक पनीरचे तुकडे मोजतात, हे मी स्वतः ऐकलेलं आहे.

रोजचा भाग सव्वासोळा आणि भाजी पावणेबारा, म्हणजे जिन्नस २८ रुपयांचे. त्यावर पाच टक्के उरलं-सुरलं, सांडलं, एखादी पोळी करपली यासाठी ठेवा. २९ रुपये ४० पैसे झाले.

याच्या पुढचा खर्च बहुतेक जणी "वरचा खर्च" म्हणून एकत्र ढकलतात. तो डब्यावर उतरवा. गॅसचं सोपं आहे: सिलिंडर लावला त्या दिवशी त्याच्यावर खडूने तारीख लिहा. धंद्याला १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडरच घ्यावा लागतो, घरगुती १४.२ किलोचा वापरणं नियमात बसत नाही, तेव्हा हिशोबही त्याच्याच भावाने करायचा. अठराशेचा सिलिंडर वीस दिवस गेला तर ५०० डबे, डब्याला ३ रुपये ६० पैसे. पोळ्या लाटायला बाई असेल आणि पोळीला २ रुपये देत असाल तर डब्याला ६. पोचवणाऱ्या मुलाचे महिन्याचे ७,८०० म्हणजे २६ दिवस, पंचवीस डबे, १२ रुपये. साबण, वीज, पाणी, घासायची मदत ३ रुपये. स्टीलच्या डब्यांची झीज आणि हरवणारी झाकणं १ रुपया. हा रुपया कुणी धरत नाही आणि दोन वर्षांनी एकदम दहा-बारा डबे घ्यायची वेळ आली की तो महिना तोट्यात जातो. सगळ्याची बेरीज ५५ रुपये. नव्वदातले ३५ उरले.

या पस्तीसला नफा म्हणू नका. त्यात तुमची स्वतःची मजुरी आहे. रोज पाच-सहा तास तुम्ही उभ्या राहता. त्याचे ५०० रुपये जरी धरले, तरी डब्यामागे २० रुपये ते झाले, आणि धंद्याचा खरा नफा १५ उरला. हा भेद कागदावर असला पाहिजे, कारण उद्या आजारी पडलात आणि स्वयंपाकाला कुणी ठेवावं लागलं तर त्या वीस रुपयांतूनच तिचा पगार जाणार आहे. मजुरी न धरता दर ठरवलेला डबा वाढवता येत नाही. पंचविसाचे चाळीस झाले की मदतनीस लागते आणि पैसे मात्र आहेत तेवढेच राहतात.

आता तुमच्या खाड्यांकडे बघा. एका माणसाने आदल्या रात्री खाडा सांगितला तर तुमचे वाचतात जिन्नसाचे २९ आणि पोळीवालीचे ६, म्हणजे ३५ रुपये. मुलाचा पगार तोच, गॅस जवळपास तोच, तुमचे तास तेच. तुम्ही परत करता ९०. म्हणजे प्रत्येक खाडा तुम्हाला ५५ रुपयांना पडतो. पंचवीस लोकांचे महिन्याला दोन-दोन खाडे धरले तरी ५० खाडे, २,७५० रुपये. आणि सकाळी आठला आलेल्या "आज नको" या निरोपाने तर काहीच वाचत नाही, तेव्हा भाजी चिरून झालेली असते, कणीक भिजलेली असते.

खाड्याचा नियम म्हणून असा ठेवा: आदल्या दिवशी रात्री आठच्या आत सांगितलं तर डब्याचे ४० रुपये वजा, त्यानंतर सांगितलं तर काही नाही. गावाला सलग पाच दिवस किंवा जास्त जाणार असतील तर ६० पर्यंत द्या, कारण सलग पाच दिवसांचं आधी कळलं की तुम्ही त्या जागी दुसरा डबा घेऊ शकता. आठची वेळ अंदाजाने ठरवलेली नाही. त्यानंतर उसळ भिजवलेली असते आणि बाजार झालेला असतो.

वर म्हटलेल्या वीस हजारांत हे खाडे आधीच धरले आहेत: ६०० डब्यांचे ५४ हजार, त्यातून ३५ रुपये ४० पैशांनी जिन्नस आणि पोळ्या, आणि न बदलणारा खर्च साधारण पावणेतेरा हजार. मग तुमचे बाकीचे आठ हजार? मला तीन जागा दिसतात, आणि तिन्ही घरबसल्या तपासता येतात.

पहिली जागा, साचा नसलेला मेनू. आठवड्यात सुकी मेथी, भेंडी, फ्लॉवर आणि पनीर सगळं एकत्र आलं की भाजीची सरासरी बाराऐवजी सतरा-अठराला सहज जाते. मागच्या चार आठवड्यांत काय काय केलं ते आठवून लिहा आणि वरच्या पद्धतीने प्रत्येकाचा खर्च काढा. सहाशे डब्यांवर पाच-सहा रुपये म्हणजे तीन-साडेतीन हजार.

दुसरी जागा, वाढणं. भाजी झाली की पातेल्यासकट वजन करा. रिकाम्या पातेल्याचं वजन त्याच्या बुडाला मार्करने लिहून ठेवा म्हणजे रोज वजाबाकी सोपी जाते. उरलेल्याला पंचवीसने भागा. १२० च्या जागी १४५ आले तर तुम्ही पंचवीस लोकांना तीस लोकांची भाजी वाढताय. दुसरी खूण डबे भरताना दिसते: ओट्यावर डबे ओळीने उघडे ठेवले की पहिल्या दहांत भाजी वर येते, शेवटच्या पाचांत तळाशी जाते, मग त्या पाचांसाठी घाईने काहीतरी परतलं जातं किंवा दुसऱ्या दिवशी "पुरू दे" म्हणून अर्धा किलो जास्त आणलं जातं. यावर उपाय म्हणजे एकच डाव. १२० ग्रॅम भाजी बरोबर मावते असा डाव शोधा, काट्यावर तपासा, आणि सुकी भाजी दुसऱ्या कशानेही वाढू नका. आमटीला दीडशे मिलीची पळी वेगळी. पोळीचंही तसंच, कणीक भिजवल्यावर पहिले पाच गोळे काट्यावर ठेवा. गोळा साठ ग्रॅमचा झाला की किलोत बत्तीसच्या सत्तावीस पोळ्या होतात, बाई म्हणते पीठ पुरलं नाही, आणि तुम्ही पुढच्या महिन्यात दहा किलो जास्त गहू आणता.

तिसरी जागा, घरचं आणि धंद्याचं एकाच डब्यातून निघणं. घरची चार माणसं त्याच तेलातून, त्याच तूरडाळीतून जेवतात. घरच्यांना जेवू घालायचं नाही असं मी म्हणत नाही, पण ते कुठल्या खात्यातून गेलं हे दिसलं पाहिजे. धंद्याचं तेल, कणीक आणि तूरडाळ वेगळ्या डब्यांत ठेवा आणि दर रविवारी या तीनच वस्तूंचं वजन करा. आठवड्याला १५० डबे, डब्याला २० ग्रॅम तेल, म्हणजे ३ किलो तेल जायला हवं. पोळ्या ४५०, बत्तीसने भागल्या तर कणीक १४ किलो. तूरडाळ आमटीच्या चारच दिवसांची, कारण बुधवार-शनिवार आमटी नाही: शंभर डबे, अडीच किलो. तेल चार किलो गेलं असेल तर शोधायला सोपं जातं: घरच्या वापरात गेलं, की पोळीला हात सैल आहे, की भाजीत तर्री जास्त येते आहे. शेवटचं डब्यावरून ओळखता येतं. परत आलेल्या रिकाम्या डब्याच्या तळाशी तेल साठलेलं असेल तर ते खाणाऱ्याने सोडलेलं तेल आहे, ते कमी केल्याने कुणाची चव जाणार नाही.

मसाले, मीठ, साखर यांचा रविवारी हिशोब ठेवू नका. त्यात वेळ जातो आणि दोन आठवड्यांत वही बंद पडते. तेल, कणीक, डाळ या तीन आकड्यांत बाकी सगळं आपोआप दिसतं.

भाव वाढले की काय करायचं, हेही साच्यातच बसवा. प्रत्येक भाजीपुढे वहीत एक वरची मर्यादा लिहा. फ्लॉवर किलोला १० रुपयांनी वाढला की आपल्या हिशोबात ३३ रुपये, डब्याला १ रुपया ३० पैसे वाढतात. ८० ला गेला की गुरुवारची भाजी १६ रुपयांची झाली. माझी मर्यादा ७०. त्याच्यावर गेला की गुरुवारी कोबी किंवा गवार, काही बोलायचं नाही, कारण कागदावर "सुकी भाजी" एवढंच आहे. टोमॅटोसाठी वेगळी सोय लागते, कारण तो जवळपास प्रत्येक भाजीत असतो. २०२३ च्या जुलैत टोमॅटो किलोला शंभराच्या वर गेला तेव्हा ज्यांच्या सगळ्या भाज्या लाल ग्रेव्हीच्या होत्या त्यांना फार जड गेलं. आमटीला चिंच किंवा आमसूल, उसळीला कांदा-खोबऱ्याचं वाटण, पालेभाजीला ताक, ही आंबटपणाची आपली जुनी सोय असेल तर टोमॅटोवाचून आठवड्यातले चार दिवस सहज निघतात. पनीरच्या दिवशी तो लागेलच, तेवढा घ्या.

एकादशीला चार-पाच जण साबुदाणा खिचडी मागतात. खिचडी जिन्नसाला वीस-बावीस रुपयांत होते, म्हणजे साध्या डब्यापेक्षा स्वस्तच, पण त्यासाठी वेगळी कढई, वेगळा गॅस आणि सकाळची पाऊण तासाची जास्तीची घाई लागते. मी आठच्या खाली मागणी असेल तर खिचडी करत नाही, त्या दिवशीचा खाडा नियमाप्रमाणे देते. आठच्या वर असेल तर आनंदाने करते, त्याच दरात.

दर वाढवायचा प्रश्न सगळ्यात शेवटी घ्या, आणि एका आठवड्याच्या आकड्यावर घेऊ नका. भाजीचे भाव दोन आठवड्यांत खाली येतात. तूरडाळ, तेल, गहू आणि गॅस हे वाढले की सहसा लवकर उतरत नाहीत. म्हणून रोजच्या भागाचा सव्वासोळाचा आकडा बघत राहा. तो १८ च्या वर जाऊन दोन महिने तिथेच राहिला तर दर पाच रुपयांनी वाढवायची वेळ झाली. पाच पाच रुपयांनी वाढवलेलं लोक घेतात. दोन वर्षं गप्प राहून एकदम पंधरा वाढवले की पाच-सहा डबे जातात. नवा दर आणि खाड्याचा नवा नियम दोन्ही एकाच वेळी लावू नका. आधी नियम लावा, पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून, आणि निदान पंधरा दिवस आधी सांगून. ज्यांनी या महिन्याचे पैसे आगाऊ भरले आहेत त्यांना महिना संपेपर्यंत जुनाच नियम ठेवा. मग दोन महिने तुमच्या वहीतली जिन्नसाची सरासरी बघा. ती २८ च्या आसपास आली आणि हातात अठरा-वीस हजार राहायला लागले, तर ९० चा दर तुम्हाला अजून वर्षभर पुरेल.